शाखा उघडताना काय लिहावं

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी पुण्यात पुष्कळ दुकानांनी अभिमानाने लावली. तिच्यावर विनोद खूप झाले, पण तिच्यामागचा हिशेब पक्का व्यापारी होता. मालक गल्ल्यावर बसलेला दिसतो तिथेच चव टिकते, दुसरीकडे उघडलं की पातळ होते, असं गिऱ्हाईक मानत होतं आणि आजही मानतं. त्यामुळे खाण्याच्या धंद्यात नव्या शाखेची बातमी गोड असली तरी ती वाचणाऱ्याच्या मनात एक शंका आधीच बसलेली असते. फोटोखाली हॉटेलवाले हल्ली जो मजकूर टाकतात, ज्याला सगळे सरसकट कॅप्शन म्हणतात, त्यात आनंद भरपूर असतो आणि या शंकेची दखल क्वचितच असते.

ही पुस्तिका त्या मजकुराबद्दल आहे. नवी शाखा उघडतेय, सुरुवातीची सवलत अमुक, वेळ तमुक, टेबल असं राखून ठेवता येईल, एवढंच सांगणारा एक परिच्छेद. जाहिरात संस्थेला पैसे न देता मालक स्वतः किंवा त्याचा पुतण्या तो लिहितो, बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आदल्या रात्री, रंगाचा वास येत असलेल्या हॉलमध्ये बसून. पुढच्या प्रकरणांत चहाच्या टपरीपासून बँक्वेट हॉलपर्यंत निरनिराळे नमुने आहेत. प्रस्तावनेत मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण अडचणी सगळीकडे त्याच असतात.

समजा, पुण्यात सातारा रस्त्यावर कोल्हापुरी थाळीचं एक जुनं हॉटेल आहे. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. मालक आता वाकडला दुसरी शाखा काढतोय. हिंजवडीच्या कंपन्या जवळ आहेत, आजूबाजूला मोठ्या सोसायट्या आहेत. बावीस टेबलं, साधारण चौऱ्याऐंशी माणसं बसतील एवढी जागा. पुतण्याने मजकूर तयार केला आहे:

'प्रतीक्षा संपली! अस्सल कोल्हापुरी चवीचा वारसा आता नव्या दिमाखात, नव्या जागेत! उद्घाटनानिमित्त एकावर एक थाळी फ्री! त्वरा करा! मर्यादित कालावधी. अटी लागू. बुकिंगसाठी मेसेज करा.'

हे वाचून माणसं फोन करतील, आणि ते मजकुराचं यश वाटेल. पण ते फोन ऐकून बघा. पहिला प्रश्न येईल, 'सातारा रोडचं बंद केलं का हो?' 'नव्या जागेत' या दोन शब्दांनी हॉटेल हलवलं असं वाचणाऱ्याने धरून घेतलं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की पुस्तिकेत तिच्यावर सर्वांत जास्त पानं गेली. स्थलांतर आणि विस्तार यांतला फरक लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वच्छ असतो, म्हणूनच तो लिहायचा राहतो. जुन्या शाखेचं रोजचं गिऱ्हाईक, जे सोमवारी हॉटेल बंद असतं हे विसरून एकदा परत गेलेलं असतं, ते आता 'बंद पडलं वाटतं' असं चार जणांना सांगतं. वाकडला गर्दी आणि सातारा रस्त्याला शुकशुकाट, असं पहिल्या आठवड्यात दिसलं तर आचाऱ्याला दोष देण्याआधी मजकूर वाचावा. जुनी शाखा चालू आहे हे सांगणारं वाक्य पहिल्या दोन ओळींतच हवं. त्याने दुसरं कामही होतं. जुन्या जागेचं नाव ठसठशीत दिसलं की 'तेच लोक' ही खूण पटते, आणि पाटीवरच्या त्या शंकेला थोडं तरी उत्तर मिळतं. जुना वस्ताद पहिले काही महिने वाकडच्या भटारखान्यात असणार असेल तर तेही लिहावं, पण खरोखर असणार असेल तरच.

आता तारीख. वाकडची पूजा दसऱ्याला करायची असं मालकाच्या मनात होतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे नवल नाही. पण दसऱ्याला घरोघरी श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी असते. त्या दिवशी मटणाचं ताट खायला वाकडमधलं मराठी कुटुंब बाहेर पडणार नाही. पूजा मुहूर्तावर करावी, दार गिऱ्हाइकाला वेगळ्या दिवशी उघडावं, आणि मजकुरात फक्त दाराची तारीख द्यावी. पूजेची तारीख छापली की लोक त्या दिवशीच येतात. त्यांना पेढा मिळतो, जेवण मिळत नाही. मांसाहारी हॉटेलने श्रावण टाळायचा हे सगळ्यांना माहीत असतं. मार्गशीर्षातले गुरुवार मात्र विसरले जातात.

वार कोणता? बहुतेक जण शनिवार-रविवार धरतात, गर्दी मिळते म्हणून. मला बुधवार बरा वाटतो. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे तसेही 'खाण्याचे' वार. त्यात बुधवारी उघडलं की रविवारच्या लोंढ्याआधी तीन-चार दिवस मिळतात. नवी भट्टी किती वेळात तापते, भाकरीला किती बायका लागतात, ऑर्डरची चिठ्ठी आत पोचायला कुठे अडते, हे त्या दिवसांत कळतं. म्हणून आपल्या उदाहरणात बुधवार, २५ नोव्हेंबर धरू. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे. नुसतं 'येत्या बुधवारी' लिहिलं तर तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पुढच्या आठवड्यात फिरत असतो आणि तिथला बुधवार वेगळा असतो.

वेळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट चुकतेच. दार बंद होण्याची वेळ आणि शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. 'रात्री ११ पर्यंत' असं वाचून माणूस पावणेअकराला चार जणांना घेऊन येतो. भाकरीच्या बाया तोवर गेलेल्या असतात. कॅप्टन 'किचन बंद झालं' म्हणतो आणि भांडण मजकुरावरून होतं. दुपारी मध्ये हॉटेल बंद राहत असेल तर दोन्ही सत्रं वेगळी लिहावीत. 'सकाळी ११.३० ते रात्री ११' असं एका दमात लिहून साडेचारला दार लावलेलं असणं हा गिऱ्हाइकाला दिलेला चकवाच आहे.

सवलतीकडे येऊ, कारण मालक खरे इथेच फसतात. 'एकावर एक' ऐकायला भारी असतं. त्याचा हिशेब मांडून पाहू. चिकन थाळी ३२० रुपयांची आहे आणि तिच्यात कच्चा माल सुमारे ११५ रुपयांचा जातो असं धरू. एकावर एक दिली की दोन थाळ्यांचे मिळून ३२० येतात, माल २३० चा जातो, उरतात ९०. त्यातून पगार, गॅस, वीज आणि वाकडचं भाडं. त्याऐवजी थाळी सरळ २५० ला दिली तर एका थाळीमागे १३५ उरतात, दोघांचे २७०. कर इथे बाजूला ठेवला आहे, तरीही अंतर तिपटीचं आहे. आणि रस्सा हवा तेवढा वाढायचा असतो, म्हणजे ११५ हा आकडा खाणाऱ्याच्या भुकेप्रमाणे वरच सरकणार.

तोटा सोसायची तयारी असेल तर तो मालकाचा प्रश्न. पण एकावर एकमध्ये भाषेचीही अडचण आहे. पाच जणांचं कुटुंब आलं तर पैसे किती थाळ्यांचे? अडीच की तीन? एकाने चिकन आणि दुसऱ्याने मटण घेतलं तर फुकट कोणती? एकटा आलेला माणूस दुसरी थाळी बांधून नेऊ शकतो का? हे प्रश्न काउंटरवरच्या पोराला विचारले जातात. तो दर वेळी वेगळं उत्तर देतो, आणि शेजारच्या टेबलाला ते ऐकू जातं. '३२० ऐवजी २५०' यात यातला एकही प्रश्न उगवत नाही. सवलत निवडताना मी एकच कसोटी लावतो. तिचे अपवाद दोन वाक्यांत सांगता येत नसतील तर ती सवलत बदलायची.

'अटी लागू' या शब्दांना तर हाकलूनच द्यावं. अटी कुठे आहेत हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही. यात कायद्याचाही भाग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत त्याच्या मर्यादाही सांगायच्या, आणि त्या डोळ्यांना दिसतील अशा सांगायच्या, असं त्यात म्हटलं आहे. मोठ्या अक्षरांत मराठीतून सवलत आणि तळाशी बारीक इंग्रजीत अपवाद, ही जुनी युक्ती त्यात बसत नाही. कमी किमतीचं आमिष दाखवून माल पुरेसा न ठेवणं यावरही त्याच तत्त्वांत बंधन आहे. म्हणून थाळ्या मोजक्याच देणार असाल तर आकडा लिहा. आपल्या हॉटेलात दुपारची खरी गर्दी साडेबारा ते अडीच असते. हिंजवडीचा माणूस तासाभराच्या सुट्टीत येतो, म्हणजे त्या दोन तासांत एक खुर्ची दोनदा भरते. चौऱ्याऐंशी खुर्च्या दोनदा म्हणजे एकशे अडुसष्ट, आणि दोन जण चार जणांच्या टेबलावर बसतातच. दीडशे थाळ्यांचा आकडा त्यातून येतो. पुतण्याला तो कमी वाटला होता. पण एकशे एक्कावन्नाव्या माणसाला उन्हात उभं करून 'संपलं' म्हणण्यापेक्षा तो आधी छापलेला बरा.

कराचंही स्पष्ट असावं. आपल्यासारख्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो. २५० वर तो साडेबारा रुपये होतो. रक्कम किरकोळ आहे, पण २५० चं वाचून आलेल्याला बिलावर २६२.५० दिसलं की सवलतीचं सगळं कौतुक त्या साडेबारा रुपयांत जातं. 'जीएसटी धरून' हे दोन शब्द लिहावेत आणि भाव तसा बसवावा. साधारण तेवढे रुपये मालकाच्या खिशातून जातील, त्याची वरच्या हिशेबात नोंद करून ठेवावी.

राहिलं टेबल राखणं. 'मेसेज करा' म्हणजे कुठे? इन्स्टाग्रामवर, फेसबुकवर की व्हॉट्सॲपवर? तिन्हीकडे मेसेज येतात, तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या फोनवर उघडतात, आणि शुक्रवारी रात्री आठ वाजता एकाच टेबलावर दोन कुटुंबं हक्क सांगतात. मार्ग एकच ठेवावा आणि त्याची वहीही एकच. हॉटेलच्या काउंटरवर राहणारा फोन, त्यावरचं व्हॉट्सॲप, मॅनेजरच्या हाताखाली वही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. ती प्रोफाइलमध्ये ठेवावी लागते आणि मजकुरात 'प्रोफाइलमधली लिंक दाबा' असं सांगावं लागतं. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

९१ नंतर दहा आकडी नंबर, मध्ये शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही, मोकळी जागा नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून ती दाबून पाहावी. एक आकडा चुकला तर सगळी बुकिंगं एखाद्या अनोळखी गृहस्थाकडे जातात, आणि हे घडलेलं आहे.

बावीसच्या बावीस टेबलं राखीव करू नयेत. नव्या जागेत माणसं रस्त्यावरून पाटी पाहून शिरतात, आणि रिकामी टेबलं समोर दिसत असताना 'बुकिंग आहे' हे ऐकलं की पुन्हा फिरकत नाहीत. दहा टेबलं राखीव, बाकीची येईल त्याला, ही वाटणी रात्रीसाठी ठीक. सवलतीच्या दुपारी बुकिंग घेऊच नये, रांग आपोआप न्याय करते. राखलेलं टेबल किती वेळ धरून ठेवणार तेही लिहावं. पंधरा मिनिटं पुरेत. आणि मेसेज पाठवला म्हणजे टेबल मिळालं असं होत नाही, आमचं उत्तर आल्यावरच ते पक्कं, हे वाक्य कितीही रुक्ष वाटलं तरी गाळू नये.

हे सगळं ठरल्यावर लिहायला फारसं उरत नाही. मजकूर असा होतो:

'वाकडला आमची दुसरी शाखा, बुधवार २५ नोव्हेंबरपासून. सातारा रस्त्याची शाखा आहे तिथेच, रोजच्यासारखी चालू.

डांगे चौकातून भूमकर चौकाकडे जाताना डाव्या हाताला, तळमजला. गाडी मागच्या आवारात लावता येईल.

दुपारी ११.३० ते ३.३०, शेवटची ऑर्डर ३ वाजता. रात्री ७ ते ११, शेवटची ऑर्डर १०.३० ला. सोमवारी बंद.

उद्घाटनाची सवलत: बुधवार २५ ते रविवार २९ नोव्हेंबर, फक्त दुपारी, चिकन थाळी ३२० ऐवजी २५० रुपये, जीएसटी धरून. रोज पहिल्या १५० थाळ्या. इथे बसून जेवणाऱ्यांसाठी, पार्सलला नाही. दुपारी बुकिंग नाही, येईल त्याला टेबल.

रात्रीचं टेबल हवं असेल तर नाव, किती जण आणि वेळ व्हॉट्सॲपवर कळवा. लिंक प्रोफाइलमध्ये आहे. आमचं उत्तर आलं की टेबल पक्कं. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटं थांबू.'

यात 'अस्सल' नाही, 'वारसा' नाही आणि उद्गारचिन्ह एकही नाही. पुतण्या म्हणेल, फारच कोरडं झालं. त्याला मी फोटोकडे बोट दाखवेन. तांबड्या रश्शावरची तर्री फोटोत चमकते आहे, तिचं वर्णन खाली कशाला? एखादं आपुलकीचं वाक्य घालायचंच असेल तर ते खास इथलंच असावं. 'पांढऱ्या रश्शाची पातेली सातारा रस्त्यावरच्याच मापाची आहेत' हे चालेल. 'तुमच्या प्रेमामुळेच हे शक्य झालं' हे वाक्य पेढीच्या उद्घाटनालाही चालतं, म्हणून नको.

ओळींच्या क्रमामागे एक तांत्रिक कारण आहे. इन्स्टाग्राम कॅप्शनला २,२०० चिन्हांची मुभा देतं, पण वाचणाऱ्याला आधी साधारण सव्वाशेच दिसतात, बाकीचं उघडून पाहावं लागतं. मराठीत हे सव्वाशे लवकर संपतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर बांधणारं हलन्तचिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. 'उद्घाटनानिमित्त' हा शब्द आपण सात अक्षरांत वाचतो, यंत्र तो पंधरा मोजतं. पुतण्याच्या मजकुरात ती सगळी जागा 'प्रतीक्षा संपली' आणि 'नव्या दिमाखात' यांनी खाल्ली होती, सवलतीचं टोक जेमतेम दिसलं असतं, आणि तारीख तर मजकुरात नव्हतीच. वरच्या मसुद्यात जागा, तारीख आणि जुनी शाखा या तिन्ही गोष्टी शंभरेक चिन्हांत बसल्या आहेत. उरलेलं ज्याला यायचं आहे तो उघडून वाचतो.

हाच मजकूर गूगलच्या नकाशावरच्या नोंदीशी जुळला पाहिजे. तिथे उघडण्याची तारीख आधी टाकता येते आणि नव्वद दिवस आधीपासून ती लोकांना दिसू लागते. दोन शाखांचं नाव एकच असेल तर नकाशा लोकांना जुन्या शाखेकडे पाठवू शकतो, म्हणून नोंद करताना पत्ता आणि खूण नीट तपासावी. वाकडच्या नोंदीत सातारा रस्त्याचा फोन नंबर तसाच राहणं ही नेहमीची गफलत आहे.

शेवटची अडचण मजकूर टाकून झाल्यावर सुरू होते. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, पण चित्रावर छापलेली अक्षरं एकदा पुढे गेली की परत येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फक्त चित्र फिरतं, खालचा मजकूर गळून पडतो. म्हणून चित्रावर दोनच गोष्टी छापाव्यात: जागेचं नाव, आणि सवलत असेल तर तिची पहिली आणि शेवटची तारीख सालासकट. 'मर्यादित कालावधी' असं छापलेलं चित्र घेऊन लोक मार्चमध्येही येतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. अशा वेळी काय करायचं हे कॅप्टनला आधीच सांगून ठेवावं. माझा सल्ला असा की तारीख छापलेली नसेल तर त्या टेबलाला सवलत द्यावी, त्यावर वाद घालू नये, आणि असे किती आले ते बुकिंगच्याच वहीत मागच्या पानावर मांडत जावं. फोनवर विचारले गेलेले प्रश्नही त्याच पानावर. पहिल्या पंधरवड्यात 'जुनं बंद झालं का' समोर किती रेघा पडल्या हे पाहून कॅप्शनची पहिली ओळ बदलायची की नाही ते ठरवता येतं. पुढच्या प्रकरणांतले बरेचसे बदल अशाच मागच्या पानांवरून केलेले आहेत.